आठ महिने पोस्ट टाकल्यावर: पॅकर्स-मूव्हर्सच्या धंद्यातला माझा अनुभव

माझ्या दिरांचा चिंचवडला पॅकर्स अँड मूव्हर्सचा छोटा धंदा आहे. दोन गाड्या, सहा-सात कायमची माणसं, आणि ऑफिसचं सगळं मी बघते. पुण्यातल्या पुण्यात घर हलवणं, शिवाय नागपूर, हैदराबाद, बेंगळुरू. गेल्या पावसाळ्यात मी ठरवलं की फेसबुक पेजवर आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर 'सुरक्षित सेवा, वाजवी दर'वाले फोटो टाकणं बंद करायचं. त्याऐवजी लोकांच्या मनात जी भीती असते तिच्याबद्दलच लिहायचं. तीन प्रकार निवडले: सामान हलवण्याआधीच्या याद्या, विम्याची माहिती आणि आमच्या ग्राहकांच्या खऱ्या हकिकती. आता आठ महिने झाले. काय चाललं आणि काय फसलं ते लिहिते.

आधी भीती कसली ते सांगते. फोनवर माणूस दर विचारतो, पण त्याच्या मनात दुसराच प्रश्न असतो. गाडी निघाल्यावर वाटेत जास्त पैसे मागितले तर? टीव्ही फुटला तर हे फोन उचलतील का? असे प्रकार आमच्या धंद्यात होतात, हे आम्हालाही माहीत आहे. त्यामुळे 'आमच्यावर विश्वास ठेवा' असं कितीदाही लिहिलं तरी त्याला किंमत नसते.

यादीपासून सुरुवात केली आणि पहिलीच यादी वाया गेली. चाळीस मुद्दे होते: वर्तमानपत्र बंद करा, बँकेत पत्ता बदला, झाडांना पाणी घाला. कोणी वाचली नाही. मग आमच्या पॅकिंगवाल्या पोरांना विचारलं, की गेल्यावर सगळ्यात जास्त कशासाठी खोळंबा होतो? त्यांनी चारच गोष्टी सांगितल्या आणि त्या चारांवर चार वेगळ्या पोस्ट झाल्या.

त्यातली वॉशिंग मशीनची पोस्ट अजून फिरते आहे. पुढून दार असलेल्या मशीनच्या मागच्या बाजूला, नवीन येते तेव्हा, लांब बोल्ट असतात. ड्रम प्रवासात हलू नये म्हणून कंपनी ते लावते आणि मशीन बसवायला येणारा माणूस ते काढतो. हे बोल्ट जपून ठेवायचे असतात, पण बहुतेक घरांत ते टाकून दिलेले असतात. बोल्ट न लावता मशीन ट्रकमध्ये सातशे किलोमीटर हादरली की ड्रमचे स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅबसॉर्बर जातात. बाहेरून एक ओरखडा नसतो, पण पाणी पिळताना मशीन खोलीभर नाचते. पोस्टमध्ये मी मागच्या बाजूचा फोटो टाकला, बोल्टच्या भोकांवर लाल गोल केला आणि लिहिलं, 'हे नसतील तर आठ दिवस आधी सर्व्हिस सेंटरला फोन करा, आदल्या रात्री मिळत नाहीत.' लोक आपल्या मशीनचे फोटो पाठवून विचारायला लागले. त्यातल्या कित्येकांनी काम दुसऱ्याला दिलं असेल, मला त्याचं काही वाटत नाही.

दुसरी उपयोगी पोस्ट गॅसची. भरलेला सिलिंडर आम्ही गाडीत घेत नाही. दुसऱ्या शहरात जायचं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कागद घ्यायचा, आणि नव्या गावी तो दाखवून जोडणी घ्यायची. याआधी शिफ्टिंगच्या सकाळी दारात यावरून वाद व्हायचे. आता होत नाहीत, कारण ग्राहकाला हे आठवडाभर आधीच कळलेलं असतं. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करणं आणि खोक्यांवर नंबर टाकणं या दोन पोस्ट जेमतेम चालल्या.

खरं महत्त्वाचं काम झालं ते विम्याच्या पोस्टमुळे, आणि घरात वादही तिच्यावरूनच झाला.

आमच्या धंद्यात कोटेशनमध्ये एक ओळ असते, 'ट्रान्झिट इन्शुरन्स 3 टक्के'. पाच लाखांचं सामान सांगितलं की पंधरा हजार झाले. पुष्कळदा या पैशांतून कुठल्याही विमा कंपनीची पॉलिसी घेतलेलीच नसते. मूव्हर्सवाला स्वतःच्या लेटरहेडवर 'नुकसान झाल्यास भरपाई देऊ' असं लिहून देतो. कोणी त्याला रिस्क कव्हर म्हणतं, कोणी एफओव्ही. तो विमा नाही, तो वाहतूकदाराचा शब्द आहे. शब्द पाळणाराही असतो, पण विमा देण्याचा परवाना विमा नियामक आयआरडीएआयकडे नोंदलेल्या कंपनीलाच असतो.

मी पोस्टचा मथळा दिला, 'आम्ही विमा कंपनी नाही.' भाऊजी म्हणाले, "वहिनी, गिऱ्हाईक घाबरवताय तुम्ही. असं कोण लिहितं?" मी म्हटलं, "भाऊजी, फुटल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं." दोन दिवस ती पोस्ट तशीच पडून होती. शेवटी त्यांनीच सांगितलं, टाका.

ओळखायचं कसं, हे त्यात साध्या भाषेत होतं. पैसे भरल्यावर विमा कंपनीच्या नावाचं सर्टिफिकेट मागा. त्यावर पॉलिसी नंबर, तुमचं नाव, कुठून कुठे, किती रकमेचं सामान, आणि गाडीचा किंवा बिल्टीचा नंबर हवा. तारीख गाडी सुटण्याआधीची हवी. 'नंतर मेल करतो' असं उत्तर आलं तर गाडी भरू देऊ नका. शक्य असेल तर विमा स्वतः थेट कंपनीकडून घ्या, आम्हाला चालतं.

मग काय मिळत नाही ते लिहिलं, आणि हाच भाग लोकांनी जपून ठेवला. स्वतः भरलेल्या खोक्यातली वस्तू फुटली तर बहुतेक पॉलिसीत दावा अडतो. दागिने, रोकड, कागदपत्रं यात धरत नाहीत. वापरलेल्या फर्निचरवरचे ओरखडे आणि पोचे सहसा वगळलेले असतात. बाहेरून काही न होता उपकरण आतून बंद पडलं, तर तेही बहुधा वगळलेलं असतं. म्हणजे वरची वॉशिंग मशीन विमा असूनही अडकलीच असती. हे लिहिताना मला यादी आणि विमा एकमेकांशी जोडलेले दिसले. जे नुकसान विम्यात येत नाही, तेच टाळायला यादी लागते.

आणि विमा नसेल तर? 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यात वाहतूकदाराची जबाबदारी आहेच, पण तिला मर्यादा आहे. जादा जोखमीचा दर ठरवून भरलेला नसेल, तर नियमांनुसार जास्तीत जास्त भाड्याच्या दहा पट. दावा लावायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. हे पोस्टमध्ये घालताना भाऊजींनी एक मोठा श्वास घेतला, कारण ती जबाबदारी आमच्यावरच येते. पण खोडलं नाही.

आता हकिकतींकडे येते. सुरुवातीच्या हकिकती गोड होत्या: नव्या घरात हसणारं कुटुंब आणि खाली 'फार छान सर्व्हिस'. त्यांना काही परिणाम नव्हता. एकीत तर माझी मोठी चूक झाली. खोक्यांच्या फोटोत लेबलवर नवीन सोसायटीचं नाव आणि फ्लॅट नंबर स्पष्ट दिसत होता. ताईंचा फोन आला, "माझे मिस्टर महिन्यातले वीस दिवस बाहेर असतात, आणि तुम्ही माझा पत्ता गावभर लावलात." त्या अगदी बरोबर होत्या. पोस्ट लगेच काढली. तेव्हापासून लेखी परवानगी घेतल्याशिवाय हकीकत नाही, फोटोत लेबल, दार आणि कुलूप नाही, आणि माणूस नव्या घरात महिनाभर राहिल्यावरच पोस्ट टाकायची.

जी हकीकत खरोखर चालली ती नुकसानीची होती. वाकडहून नागपूरला गेलेलं कुटुंब, 65 इंची टीव्ही. पोहोचल्यावर काकांनी आमच्या पोस्टप्रमाणे सही करण्याआधी खोकं उघडलं. पॅनेलला कोपऱ्यातून तडा होता. खोक्याच्या त्याच कोपऱ्यावर दाब दिसत होता, म्हणजे आमच्याच लोडिंगमध्ये काहीतरी त्यावर टेकलं होतं. त्यांनी खोक्यासकट फोटो काढले, डिलिव्हरीच्या कागदावर शेरा लिहिला, मग सही केली, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवलं. खोकं फेकलं नाही. सर्व्हेअर येऊन गेला. दुरुस्तीचं कोटेशन 48,000 रुपयांचं आलं.

इथे गाडी अडली. विम्याचे पैसे वाचावेत म्हणून काकांनी सामानाच्या यादीत टीव्हीची किंमत 30,000 लिहिली होती. बाजारभाव 60,000 होता. म्हणजे विमा निम्म्याच किमतीचा, म्हणून दावाही निम्मा: 24,000. त्यातून पॉलिसीप्रमाणे ग्राहकाने सोसायचे 2,000 वजा होऊन हातात 22,000 आले. शिवाय कंपनीने वाहतूकदाराचं नुकसानीचं पत्र मागितलं. आमच्या धंद्यात हे पत्र द्यायला लोक टाळाटाळ करतात, कारण दावा दिल्यावर विमा कंपनी ते पैसे वाहतूकदाराकडून मागू शकते. पत्र नसेल तर दावा महिनोन्महिने लटकतो. भाऊजींनी तिसऱ्या दिवशी सही-शिक्क्यासह दिलं, आणि त्या खेपेचं लोडिंगचं बिल कमी करून दिलं.

काकांच्या परवानगीने हे सगळं आकड्यांसकट लिहिलं, आमची चूक आणि त्यांची चूक दोन्ही. नाव आणि पत्ता काढला. फोन करणारे आजही याच पोस्टचा उल्लेख करतात. पूर्वी पहिला प्रश्न 'शेवटचा दर बोला' असा असायचा. आता कितीतरी जण विचारतात, "सर्टिफिकेट कधी देता? टीव्हीची किंमत किती लिहू?" असे फोन लांबतात, पण पुढे भांडणं कमी होतात.

त्रास काय झाला तेही सांगते. स्वस्तात स्वस्त शोधणारा माणूस या पोस्ट वाचून येत नाही. शहरातल्या शहरात एक खोली हलवणाऱ्याला विम्याचं काही पडलेलं नसतं, त्याच्यासाठी वेळेची खात्री जास्त महत्त्वाची. ती पोस्ट मला अजून नीट जमलेली नाही. सोसायटीची लिफ्ट, माल चढवायची वेळ, गेटपास यांमुळे आम्हीच उशिरा पोहोचतो आणि त्याचं नेमकं कारण आधी सांगता येत नाही. आणि दर आठवड्याला पोस्ट टाकायचा नाद मी सोडला. काही घडलं, काही शिकायला मिळालं, तरच लिहिते, महिन्यातून दोनदा.

सगळ्यात मोठा बदल आमच्याच माणसांत झाला. मागच्या महिन्यात बेंगळुरूच्या खेपेला एका आजींनी मोबाइलवर आमचीच यादी उघडली आणि मुकादमाला म्हणाल्या, "बाळा, तुमच्या पोस्टमध्ये लिहिलंय टीव्ही उभाच ठेवायचा, वर काही टेकवायचं नाही. मग ती गादी तिथे का ठेवलीस?" त्याने गादी काढली, टीव्ही गाडीच्या पुढच्या भिंतीला उभा बांधला आणि मला फोटो पाठवला. आता डिलिव्हरीच्या कागदावर सहीच्या रकान्यावर आम्ही जाड अक्षरात छापून घेतलंय: 'खोकी उघडून पाहिल्यावरच सही करा.' त्यामुळे उतरवायला तासभर जास्त लागतो. तो तास भाऊजी आता कोटेशनमध्येच धरतात.