इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना: उलट भाषांतर की एकत्र बैठक?

एम.एड. किंवा पीएच.डी.साठी एखादी इंग्रजी मापनी मराठी माध्यमाच्या मुलांना द्यायची ठरली, की मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘बॅक ट्रान्सलेशन केलं का?’ प्रबंधात त्यावर एक परिच्छेद लिहिला की काम झालं, असा समज आहे. खरं तर इथे दोन वेगळ्या वाटा आहेत. हाताशी वेळ आणि माणसं मोजकी असतील, तर ती कोणत्या वाटेला लावायची हे आधीच ठरवावं लागतं.

पहिली वाट उलट भाषांतराची. एक जण इंग्रजीचं मराठी करतो. दुसरा जण मूळ इंग्रजी न पाहता त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करतो. मग दोन इंग्रजी प्रती शेजारी ठेवून फरक शोधायचे. रिचर्ड ब्रिसलिन यांच्या १९७० सालच्या लेखानंतर ही पद्धत संशोधनात रूढ झाली. त्यांनी ग्वाम विद्यापीठातल्या ९४ द्वैभाषिकांकडून दहा भाषांमध्ये भाषांतरं आणि उलट भाषांतरं करून घेतली होती.

दुसरी वाट एकत्र बैठकीची. दोन जण स्वतंत्रपणे मराठी करतात, मग विषय जाणणाऱ्या तिसऱ्या माणसाबरोबर बसून एकेका विधानावर वाद घालतात, एक मसुदा ठरवतात, तो मुलांवर तपासतात आणि प्रत्येक निर्णयाचं कारण लिहून ठेवतात. जॅनेट हार्कनेस यांनी या पद्धतीला शिस्तीचं रूप दिलं. युरोपियन सोशल सर्व्हे हीच पद्धत वापरतो. तिच्यात उलट भाषांतर अनिवार्य नाही.

कोणत्या वाटेने काय हाती लागतं, हे एका खऱ्या मापनीवर बघू. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ सालची आत्मसन्मान मापनी अवघ्या १० विधानांची आहे. ती मुळात न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी विद्यार्थ्यांवर तयार झाली. प्रत्येक विधानाला सहमती-असहमतीचे चार पर्याय, आणि पाच विधानं उलट अर्थाची, म्हणजे ज्यांचे गुण उलटे द्यायचे. भाषांतराला इतकी सोपी वाटणारी मापनी शोधून सापडणार नाही.

त्यातलं एक विधान असं: ‘आय फील आय डू नॉट हॅव मच टू बी प्राउड ऑफ.’ पहिला भाषांतरकार लिहितो, ‘अभिमान वाटावा असं माझ्याकडे फारसं काही नाही, असं मला वाटतं.’ उलट भाषांतरात मूळ वाक्य जवळजवळ शब्दशः परत येतं आणि सगळे खूश होतात. पण ‘माझ्याकडे फारसं काही नाही’ हे नववीतल्या मुलाला घर, गाडी, मोबाइल यांच्याबद्दलही वाटू शकतं. गरीब घरातला, स्वतःबद्दल उत्तम मत असलेला मुलगा इथे प्रामाणिकपणे ‘सहमत’वर खूण करेल आणि त्याचे गुण कापले जातील. ‘माझ्याकडे’ऐवजी ‘माझ्यात’ लिहिलं की हा घोटाळा बराच कमी होतो. गंमत अशी की इंग्रजीत परत जाताना ‘माझ्याकडे’ आणि ‘माझ्यात’ एकाच वाक्यात विरून जाऊ शकतात. तुलनेला बसलेल्यांच्या नजरेस फरक पडायचा मार्गच उरत नाही.

दुसरं विधान: ‘आय अ‍ॅम एबल टू डू थिंग्ज अ‍ॅज वेल अ‍ॅज मोस्ट अदर पीपल.’ घाईत होणारं मराठी असं असतं: ‘मी इतर बहुतेक लोकांइतक्याच चांगल्या प्रकारे गोष्टी करू शकतो.’ यात ‘गोष्टी’ इंग्रजीतून जशाच्या तशा आल्या आहेत, आणि ‘शकतो’ने अर्ध्या वर्गाला बाहेर ठेवलं आहे. उलट भाषांतरकाराला ‘गोष्टी’ दिसताच ‘थिंग्ज’ आठवतात, त्यामुळे प्रत सुबक जुळते. ‘शकतो’ असो की ‘शकते’, इंग्रजीत दोन्हींचं एकच होतं. म्हणजे मराठीत सतत येणारी लिंगाची अडचण या पद्धतीला दिसतच नाही. बैठकीत मात्र एखादी शिक्षिका मसुदा मोठ्याने वाचते आणि पहिल्याच वाक्याला अडते. मग ‘शकतो/शकते’ अशी तिरकी रेघ न घालता वाक्यच वळवता येतं: ‘इतर बहुतेकांना जमतात तितक्याच चांगल्या प्रकारे मलाही कामं जमतात.’ तिथे ‘बहुतेकांना’ हवं की ‘वर्गातल्या मुलामुलींना’, यावर मतभेद होतील. दुसरं मुलांना सोपं जातं, पण मुळातली तुलना वर्गापुरती आखडते. मी ‘बहुतेकांना’ ठेवेन. काहीही ठरलं तरी कारणाची नोंद हवी.

उलट भाषांतर फसवं चांगलं का दिसतं, याची तीन कारणं ब्रिसलिन यांनी त्याच लेखात दिली आहेत. दोन्ही भाषांतरकारांची शब्दजोड्यांची ठरलेली सवय एकच असू शकते. हुशार उलट भाषांतरकार कच्च्या मजकुरातूनही नेमका अर्थ काढतो. आणि पहिल्याने मूळ भाषेची वाक्यरचना तशीच ठेवली असेल, तर परतीचा रस्ता आयताच सोपा होतो. आपल्याकडे पहिलं कारण फार जोरात लागू होतं. भाषांतर करणारे आणि उलट करणारे, दोघेही बहुधा मराठी घरातले इंग्रजीचे प्राध्यापक असतात. एकाने ‘पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड’चं ‘सकारात्मक दृष्टिकोन’ केलं की दुसरा डोळे मिटून त्याचं ‘पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड’ करतो. त्या शब्दांनी मुलाच्या मनात काय उभं राहतं, हे दोघांपैकी कोणालाच विचारलेलं नसतं.

उलटा त्रासही होतो. ‘पूर्णपणे सहमत’ हा पर्याय इंग्रजीत ‘कम्प्लीटली अ‍ॅग्री’ होऊन येतो, मुळात ‘स्ट्राँगली अ‍ॅग्री’ असतं, आणि त्यावर तासभर चर्चा होते. इंग्रजी जुळावं म्हणून शेवटी कोणीतरी ‘तीव्र सहमत’ लिहितं. असं मराठी कोणी बोलत नाही, पण प्रबंधांच्या परिशिष्टांत ते दिसतं. मराठी बिघडवून इंग्रजी जुळवायचं, हा या पद्धतीतला मला सर्वांत जास्त खटकणारा भाग आहे.

मग बैठकीची बाजू निर्विवाद वरचढ म्हणायची का? नाही. पद आणि वय यांचा दाब तिथे असतो. मार्गदर्शक सर बोलले की वाद संपतो. शिवाय सगळे पदवीधर, बहुतेकदा एकाच शहरातले. त्यांना सोपं वाटणारं मराठी गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये तितकं सोपं नसतं, आणि तिथल्या कित्येक मुलांची मातृभाषा गोंडी किंवा भिली असते. बैठक चांगलं मराठी देते. मुलांना तेच समजलं का, हे तिलाही ठाऊक नसतं.

याची परीक्षा घेणारं विधान रोझेनबर्गमध्येच आहे, आठवं: ‘आय विश आय कुड हॅव मोअर रिस्पेक्ट फॉर मायसेल्फ.’ याचं सरळ मराठी ‘माझ्या मनात स्वतःबद्दल जास्त आदर असावा अशी माझी इच्छा आहे.’ उलट भाषांतर व्यवस्थित. बैठकीलाही ते खटकणार नाही. पण मूळ विधानात ‘आज तो पुरेसा नाही’ ही खंत आहे, आणि मराठी वाक्यात ती उरली नाही, उरली फक्त चांगली इच्छा. आत्मविश्वास असलेली मुलगी म्हणेल, ‘हो, असायलाच हवा ना, बाई!’ आणि ‘पूर्णपणे सहमत’वर खूण करेल. गुण उलटे द्यायचे असल्याने तिला सर्वांत कमी गुण मिळतील. ‘स्वतःबद्दल आत्ता वाटतो त्यापेक्षा जास्त आदर वाटला असता, तर बरं झालं असतं’ असं केलं की खंत परत येते, पण वाक्य लांबतं. हे त्या वयाला पेलतं का, हे मुलांनाच विचारावं लागतं.

विचारायचं एकेकट्याला, पालकांची आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. ‘समजलं का?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. बाईंसमोर सगळे ‘हो’ म्हणतात. ‘हे तुझ्या शब्दांत सांग’ आणि ‘खूण करताना तुला काय आठवलं?’ हे दोन प्रश्न पुरतात. आरोग्यविषयक प्रश्नावल्यांसाठी अशा ५ ते ८ जणांची शिफारस असते. शाळेसाठी मी वरच्या आकड्याकडे जाईन, मुलगे-मुली दोन्ही घेईन आणि अभ्यासात मागे असलेली दोन-तीन मुलं मुद्दाम निवडेन. वाक्य बदललं की नव्या मुलांना विचारायचं, त्याच मुलांना नाही.

आता निवड. तुम्ही, तुमचे मार्गदर्शक आणि भाषांतरकार, सगळ्यांना दोन्ही भाषा वाचता येत असतील, तर दुसऱ्या इंग्रजी प्रतीची खरी गरज कोणालाच नाही. दोन स्वतंत्र भाषांतरं, एका दुपारची बैठक आणि मुलांशी बोलणं यावर श्रम घालवा. मापनीचा हक्कधारक परदेशात असेल आणि मराठी रूप पाहिल्याशिवाय परवानगी देत नसेल, किंवा अनेक देशांच्या प्रकल्पात समन्वयकाला मराठी येत नसेल, तर उलट भाषांतर लागणारच. मजकूर न वाचता येणाऱ्याला आत डोकावायची ती एकमेव खिडकी आहे. गाळलेलं विधान, सुटलेला ‘नाही’, ‘क्वचित’च्या जागी पडलेलं ‘कधीकधी’ असल्या ठळक चुका ती चांगल्या पकडते. नियतकालिक आग्रह धरत असेल तरीही करा, पण मुलांशी बोलून मसुदा ठरल्यानंतर, आणि मानसशास्त्राशी संबंध नसलेल्या, ही मापनी कधी न पाहिलेल्या माणसाकडून. फरक सापडला की आधी विचारायचं, चूक मराठीची की परतीच्या इंग्रजीची. दुसरी असेल तर मराठीला हात लावायचा नाही.

यानंतर ३०-४० मुलांवर प्राथमिक चाचणी घ्या आणि उलटे गुण दिल्यावर प्रत्येक विधानाचा बाकीच्या नऊंच्या बेरजेशी सहसंबंध काढा. इतक्या कमी मुलांत आकडे डगमगतात, पण एखादं विधान शून्याजवळ किंवा उणे गेलं, तर ते मुलांनी वेगळ्या अर्थाने वाचलं असण्याची शक्यता मोठी. आधी गुण उलटे करायला विसरलो नाही ना, हे बघायचं आणि मग वाक्याकडे वळायचं. नकारार्थी विधानांचा त्रास केवळ मराठीचा नाही. श्मिट आणि अलिक यांनी २००५ मध्ये ५३ देशांची माहिती मांडली, तेव्हाही या मापनीतली अशी विधानं सगळीकडे सारखी समजली जात नसल्याचं दिसलं होतं.

एवढं करूनही आठवं विधान वळणावर येत नसेल, तर ते गुपचूप गाळू नका. प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण धरले, तर १० विधानांची बेरीज १० ते ४०च्या दरम्यान येते, नऊंची ९ ते ३६. नऊंची बेरीज इतरांच्या प्रसिद्ध सरासरीशेजारी ठेवता येत नाही. दोन्ही बेरजा छापा आणि कोणता निष्कर्ष कोणत्या बेरजेवर आहे, ते तक्त्याखालीच लिहा.