21 दिवस गाडी शिकले, पण क्लच कधी माझ्या पायाखाली नव्हताच

'घाबरू नका, आम्ही आहोत! नवशिक्यांसाठी खास कोर्स. 21 दिवस, रोज 30 मिनिटं. लायसन्स टेस्टला पूर्ण मदत. ड्युअल कंट्रोल गाडी, तुमची सुरक्षा आमची जबाबदारी. फी फक्त 7,800.'

ड्रायव्हिंग स्कूलच्या जाहिरातीत फोटोखालच्या या ओळी वाचून मी पैसे भरले. मी काही भोळी नाही, घरचे सगळे हिशेब मीच बघते. लर्निंग लायसन्स हातात होतं आणि हलक्या गाडीसाठी निदान 21 दिवस नि प्रत्यक्ष 10 तास चालवायला मिळालं पाहिजे, हा नियमही माहीत होता. 21 गुणिले 30 मिनिटं म्हणजे साडेदहा तास. कागदावर चोख! 5,000 आधी भरले, उरलेले 2,800 आठवड्याने.

ती 30 मिनिटं गाडीची होती, माझी नव्हती. मागच्या सीटवर आणखी दोघं. एकाला आणायचं, दुसऱ्याला सोडायचं, मध्येच सरांचा फोन. दहाव्या दिवसापासून मी घड्याळ लावायला लागले, तर स्टिअरिंग हातात सरासरी 11 मिनिटं. तीन दिवस गाडी 'सर्व्हिसिंगला', ते भरून दिलेच नाहीत. 18 गुणिले 11, म्हणजे 198 मिनिटं. सव्वातीन तास म्हणा.

पण खरी फसवणूक वेळेची नाहीच.

चौथ्या दिवशी चढावर सिग्नल लागला. सुटल्यावर मागून हॉर्नचा भडिमार, मी गांगरले आणि क्लचवरचा पाय झटकन पूर्ण उचलला. गाडी गचका खाऊन बंद पडायला हवी होती. पडली नाही. माझ्या पायाबरोबर क्लचचं पेडल वर आलंच नाही, खालीच राहिलं आणि मग सावकाश, आपोआप वर आलं. मी डोळ्यांनी बघितलं हो! आणि काय वाटलं मला? क्लच मऊ आहे, नवीन गाडी असेल. सर म्हणाले, "छान, मॅडम. हात बसला तुमचा." मी घरी जाऊन हे कौतुकाने सांगितलं. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

ड्युअल कंट्रोलमध्ये शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, आपल्या पेडलना जोडलेले. त्यांनी दाबला की आपलाही खाली जातो. तो असतो अपघात टाळायला. आमचे सर त्यावरच गाडी चालवायचे, कारण गाडी बंद पडत बसली तर पुढच्याला उशीर होतो. मी 198 मिनिटं फक्त स्टिअरिंग फिरवलं. म्हणून सांगते, आपला पाय वर असताना पेडल खाली दिसलं तर तिथेच गाडी बाजूला घ्यायला लावा आणि सरांना पाय सीटजवळ ओढून बसायला सांगा.

टेस्टच्या आदल्या दिवशी 'पूर्ण मदत' म्हणजे काय ते कळलं. गाडी देण्याचे आणि 'तिकडचं सांभाळण्याचे' 3,500, रोख, पावती नाही. टेस्टची सरकारी फी 300 रुपये, ती मी आधीच ऑनलाइन भरली होती! तरी दिले, कारण दुसरी गाडी आणणार कुठून? सांभाळलं कुणीच नाही. सर बाहेर उभे. चढावर थांबवून पुढे न्यायची होती. क्लच नेमका कुठे पकडतो हे पायाला माहीतच नव्हतं. एकदा बंद, दुसऱ्यांदा बंद, तिसऱ्यांदा गाडी मागे घरंगळली. नापास. स्कूलला एकूण गेले 11,300.

मग तक्रार. आरटीओमध्ये एका खिडकीने दुसरीकडे धाडलं, दुसरीने "साहेब टेस्टला गेलेत", दोन चकरा अशाच. तिसऱ्यांदा साहेब भेटले, स्कूलकडून रजिस्टर मागवलं. नमुना 15, कोणी कधी किती तास चालवलं त्याचं. माझ्या नावापुढे पूर्ण साडेदहा तास आणि प्रत्येक ओळीत माझीच सही. पहिल्या दिवशी "फॉर्मॅलिटी आहे" म्हणत कोऱ्या ओळींवर घेतलेली. साहेब म्हणाले, "सही तुमचीच ना? मग?" मी म्हटलं, वर्ग न झालेल्या दिवसांच्याही सह्या आहेत, त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये होती, विचारा तरी. नाही विचारलं. चौकीत हवालदार म्हणाले, हा दिवाणी मामला. रोख पैशांचा पुरावा द्या म्हणाले. वर "ताई, गाडी येत नाही म्हणून स्कूलवर केस?" हसले सगळे. कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका, रोज उतरताना त्या दिवसाचीच करा, मिनिटं स्वतःच्या हाताने लिहा. रजिस्टरचा फोटो काढा, सर तोंड वाकडं करतील, करू देत.

आता एका बाईंकडे जाते. पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात त्यांनी ॲक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही, नुसत्या क्लचवर गाडी हलवायला लावली. नऊ वेळा बंद पडली. त्या शेजारी मांडी घालून बसल्या होत्या.