फुलांच्या डेकोरेशनचं पॅकेज बुकिंग: पूजा आणि लग्न दोन्ही करून झाल्यावरचा अनुभव

आमच्याकडे यंदा कार्यांची रांगच लागली होती. आधी वास्तुशांत, मग सत्यनारायण, मधे सणवार आणि शेवटी चुलत बहिणीचं लग्न, आणि सगळीकडे फुलं एकाच फुलवाल्याकडून घेतली. नाव टाकत नाही कारण हे वाचून तुम्ही त्यांच्याकडेच जावं असं काही नाही, पण त्यांच्या पोस्टखाली जी कॅप्शन असते ना, "पूजा व लग्न डेकोरेशन बुकिंग सुरू, बेसिक, मीडियम, प्रीमियम, पूजेसाठी २ दिवस आणि लग्नासाठी १५ दिवस आधी कळवा, डिलिव्हरी मुहूर्ताच्या ३ तास आधी", तशीच थोड्याफार फरकाने सगळेच फुलवाले टाकतात. म्हणून त्यातली प्रत्येक ओळ प्रत्यक्षात कशी निघाली तेवढं लिहितेय.

पॅकेजचं आधी. पूजेचं बेसिक म्हणजे दाराला तोरण, चौरंगाला माळ, देवाला हार आणि सुटी फुलं, आणि खरं सांगू का, घरच्या पूजेला हेच पुरतं. मीडियममध्ये मागे पडदा लावून झेंडूच्या लड्या सोडतात, फोटोत मस्त दिसतं. प्रीमियम म्हटल्यावर मला वाटलेलं फुलं जास्त येत असतील, तर तसं नाही, जात बदलते. झेंडू-शेवंतीच्या जागी जरबेरा, ऑर्किड, कार्नेशन येतात आणि मागची हिरवळ बऱ्याचदा प्लास्टिकची असते. त्यात वाईट काहीच नाही कारण खरी पानं फ्रेमवर दुपारपर्यंत मान टाकतात, पण कॅप्शनमध्ये "फ्रेश फ्लॉवर्स" लिहिलेलं असतं तेव्हा पानंसुद्धा खरी का हे विचारून घ्या. आणि दाराची रुंदी, चौरंगाची लांबी-रुंदी मोजून पाठवा. आमचं तोरण पहिल्या वेळी अंदाजाने बनवलं होतं आणि डबल दाराला ते मधेच संपलं, मग त्यांच्या पोराने सुटा झेंडू ओवून वेळ मारून नेली.

"२ दिवस आधी कळवा" ही ओळ साध्या दिवसाला खरी आहे. सत्यनारायणाचं मी दोन दिवस आधीच सांगितलं आणि काही अडलं नाही, कारण झेंडू-शेवंती बाजारात रोज येते. पण पौर्णिमा, मार्गशीर्षातले गुरुवार, लग्नाच्या दाट तिथी असल्या की दोन दिवसांत फुलं मिळतील एकवेळ, ओवणारी माणसं मिळत नाहीत. लड्या हातानेच ओवायच्या असतात, त्या बायका आधीच बुक झालेल्या असतात. लग्नाचे पंधरा दिवससुद्धा फुलांसाठी कमी आणि माणसांसाठी जास्त लागतात. ऑर्किडसारखा माल मात्र वेगळी ऑर्डर देऊन मागवावा लागतो आणि तो नाही आला की "उपलब्धतेनुसार फुलं बदलतील" ही बारीक अक्षरातली ओळ पुढे येते. आमचं जांभळं ऑर्किड आलंच नाही, त्याऐवजी जांभळा ॲस्टर आला, रंग जुळला म्हणून कोणाला कळलं नाही. आता बुकिंग करतानाच विचारते की नाही मिळालं तर काय लावणार, आणि उत्तर मेसेजवर लिहून घेते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते ३ तास. पूजेला ३ तास भरपूर होतात, माणूस येतो, तोरण-माळा बांधतो, अर्ध्या-पाऊण तासात निघतो. लग्नाला याच ओळीने आमची धावपळ केली. मुहूर्त सकाळी ११ च्या आसपास आणि हॉलमध्ये आदल्या रात्री दुसऱ्यांचं रिसेप्शन, म्हणजे हॉल आमच्या ताब्यात सकाळी ६ ला. फुलवाला त्याच्या नियमाप्रमाणे ८ ला माल घेऊन हजर. त्याच्या हिशोबात डिलिव्हरी वेळेवर झाली, पण माल पोचणं वेगळं आणि स्टेज तयार होणं वेगळं ना! स्टेजचा बॅकड्रॉप, एंट्रीची कमान, खुर्च्यांच्या बाजूने रस्ता, एवढं सगळं तीन तासांत चार माणसं करतात कसं? बॅकड्रॉप झाला, कमान झाली, रस्त्याच्या बाजूच्या कुंड्या वऱ्हाडी आत शिरत होते तेव्हा मांडत होते.

त्यातही घाईची खूण मला टेबलावरच्या फुलांत दिसली. ती ओएसिस म्हणजे हिरव्या स्पंजमध्ये खोचतात. तो स्पंज पाण्यावर नुसता ठेवायचा असतो, तो स्वतः पाणी पीत पीत खाली बसतो. घाईत हाताने दाबून बुडवला की वरून ओला दिसतो आणि आत कोरडाच राहतो. आमचे जरबेरे पंगत बसायच्या आधी माना खाली घालून उभे होते. एक उपटून बघितला तर दांड्याच्या टोकाशी स्पंज अगदी भुसभुशीत, कोरडा.

पुढे त्यांच्याशी शांतपणे बोलले तेव्हा त्यांनीच सांगितलं की वेळ कमी असेल तर फ्रेम गोडाऊनवरच तुकड्यात बांधून आणता येते, हॉलवर फक्त जोडायची. म्हणजे सोय होती, पण आम्ही हॉल कधी मिळणार ते त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं, फॉर्ममध्ये ती जागाच नाही! तेव्हा बुकिंगला मुहूर्ताबरोबर हॉलचा ताबा कधी मिळतोय ती वेळ द्या आणि "डिलिव्हरी किती वाजता" ऐवजी "काम पूर्ण किती वाजता" हे ठरवा. हॉल ६ ला मिळत असेल तर माणसं ६ लाच दारात पाहिजेत, आणि मुहूर्ताच्या तासभर आधी सगळं संपलेलं पाहिजे, कारण फोटोवाले तेव्हापासूनच स्टेजवर असतात.

दुसरं म्हणजे सगळा माल एकाच गाडीतून मागवू नका. वरमाला आणि गजरे स्टेजच्या मालासोबत आले तर उघड्या हॉलमध्ये दिव्यांखाली तासन्तास पडून राहतात. मोगऱ्याचं तर वेगळंच गणित आहे, कळ्या पहाटे-सकाळी तोडतात आणि त्या संध्याकाळी उमलतात, म्हणजे सकाळच्या लग्नाला मिळणारा गजरा आदल्या दिवसाच्या कळ्यांचाच असतो. बर्फाच्या पेटीत ठेवला तरी अक्षता पडेपर्यंत कडा तपकिरी व्हायला लागतात. आमच्या मावशी तर तिथेच म्हणाल्या, "अगं, सकाळच्या कार्याला अबोली सांगायची, ती लवकर कोमेजत नाही, मोगरा रिसेप्शनला." शंभर टक्के बरोबर. रिसेप्शन दुसऱ्या जागी होतं, त्याचे गजरे दुपारी वेगळे मागवले होते, ते रात्री जेवणं होईपर्यंत घमघमत होते.

ॲडव्हान्स अर्धा घेतात, उरलेला काम झाल्यावर, यात कधी कटकट नाही झाली. फक्त कॅप्शनमध्ये फ्रेम कधी उचलणार आणि निर्माल्य कोण नेणार हे कुठेच नसतं. पूजेला एवढं जाणवत नाही, लग्नात हॉलवाले ५ वाजता खाली करा म्हणून मागे लागले आणि फुलवाल्याची गाडी ७ ला आली, तोवर आमच्या पोरांनी लड्या उतरवून पोत्यात भरल्या. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे, त्याचं बुकिंग त्यांच्याकडेच दिलंय, मीडियम पॅकेज, आणि यावेळी उचलायची वेळसुद्धा मेसेजमध्ये लिहून घेतलीय.