सूचना द्यायच्या की आधार?

नेतृत्वाचे अभ्यासक रॉबर्ट हाउस यांनी 1971 मध्ये मांडलेल्या पथ-ध्येय सिद्धांतानुसार माणूस आणि त्याचं उद्दिष्ट यांच्यामधला अडथळा दूर करणं हे नेत्याचं काम. पुढे त्यात नेतृत्वाच्या चार शैली आल्या. निर्णयात लोकांना सामील करणारी सहभागी आणि अवघड लक्ष्य देणारी यशकेंद्री शैली अनुभवी, हुरूप असलेल्या लोकांसाठी ठीक. खरी गल्लत होते ती निर्देशक, म्हणजे सूचना देणाऱ्या, आणि आधार देणाऱ्या शैलीत.

आमच्या गोदामात परत आलेला माल तपासायला नवा मुलगा बसवला. फुटलेली बाटली कुठे ठेवायची, सही कोणाची घ्यायची, काहीच ठरलेलं नव्हतं. दर दहा मिनिटांनी तो विचारायला यायचा. अशाला "टेन्शन घेऊ नकोस" म्हणत चहा पाजून काय होणार? तीन खोक्यांवर तीन चिठ्ठ्या लावल्या, सही करणाऱ्याचं नाव भिंतीवर लिहिलं, तेव्हा फेऱ्या थांबल्या.

शेजारी मावशी आठ वर्षं खोकी चिकटवतायत. काम हाताला बसलंय, पण कंटाळवाणं, त्यात मनगट दुखतं. त्यांना टेप कशी लावायची हे सांगणं म्हणजे पाळत ठेवणंच. त्यांना स्टूल हवं, दोन तासांनी कामाची अदलाबदल हवी, आणि विचारपूस.

ओळखायचं कसं? "कसं करू?" असं विचारणाऱ्याला सूचना द्या. "अजून किती?" म्हणणाऱ्याला आधार. अर्थात संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत, आणि माणूसही बदलतो: महिन्याभरात त्या मुलाला चिठ्ठ्या वाचून दाखवल्या की तो वैतागायला लागला.