आठ महिने बाटलीबंद पाणी प्यायलो, तेव्हा कुठे लेबल वाचायला शिकलो

नागपूरच्या बेसा भागात भाड्याने राहायला आलो आणि पहिल्याच दिवशी कळलं की इथल्या बोअरचं पाणी प्यायच्या कामाचं नाही. चहाच्या भांड्याला आठवड्यात पांढरा थर. तेव्हापासून बाटल्या आणि कॅन सुरू आहेत.

सुरुवातीला मी ब्रँड पाहायचो. आता बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं पाहतो. बिसलेरी, किन्ले, अ‍ॅक्वाफिना, रेल नीर या बाटल्यांवर 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' असतं. याचं भारतीय मानक आयएस 14543. हे पाणी बोअरचं असो की नळाचं, आरओमधून काढून शुद्ध करतात, मग काही ब्रँड चवीपुरते क्षार परत घालतात. म्हणून इथे स्रोत विचारण्यात फारसा अर्थ नाही, मूळ पाण्याची ओळख आरओमध्येच पुसली जाते. क्षार मोजायच्या माझ्या टीडीएस मीटरवर अशा बाटल्या बहुतेक शंभराच्या आसपास किंवा त्याखालीच आल्या.

'नॅचरल मिनरल वॉटर' मात्र वेगळं, मानक आयएस 13428. ते उगमाजवळच भरावं लागतं आणि त्याची मूळ घडण बदलायची नसते. टाटाचं हिमालयन या गटातलं. दुकानदार सगळ्यालाच 'मिनरल' म्हणतो, तो भाग वेगळा!

अशाच एका डोंगरी बाटलीवर लिटरमागे कॅल्शियम 60 आणि मॅग्नेशियम 15 मिलिग्रॅम लिहिलं होतं. यावरून पाण्याचा जडपणा काढता येतो: कॅल्शियम गुणिले अडीच म्हणजे 150, मॅग्नेशियम गुणिले 4.1 म्हणजे सुमारे 61. एकूण 211, म्हणजे चांगलंच जड पाणी. घोटात ते जाणवतं, आणि केटलीत थरही बसतो. म्हणजे ज्या थराला कंटाळून बाटली घेतली, तोच पैसे देऊन घरी आणला! बायको म्हणाली, "पण कॅल्शियम तर मिळतं ना?" दोन लिटरला 120 मिलिग्रॅम. तेवढं अर्ध्या कप दुधात असतं. चव आवडली तर घ्या, हाडांसाठी घेऊ नका.

रोजच्यासाठी मी शेवटी साधं पॅकेज्ड पाणीच ठेवलं. पण घेताना झाकणाचं सील, बॅच आणि भरल्याची तारीख बघतो. कारखान्याचा पत्ताही बघतो. बुटीबोरीसारख्या जवळच्या ठिकाणची बाटली असेल तर मे महिन्यात, 45 डिग्रीत, टेम्पोवर कमी भाजलेली असते.

एकदा मात्र स्वस्तातला वीस लिटरचा थंड कॅन लावला. त्यावर ना सील, ना लेबल. मीटर 40 दाखवत होतं आणि मी खूश. तिसऱ्या आठवड्यात रिकामा कॅन उजेडात धरला, तर तळाशी हिरवट शेवाळ. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. त्या दिवशी मीटर ड्रॉवरमध्ये गेलं, आणि कॅनवाल्याचा नंबर डिलीट.