पेंढ्यात, तांदळात की कागदी पिशवीत? आंबे घरी पिकवताना

कशात पिकवायचे हे ठरवण्याआधी आंबा जून आहे का ते पाहा. कोवळं फळ पिकत नाही, सुरकुततं. कैऱ्या बादलीभर पाण्यात सोडा: जून आंबा बहुधा तळाशी जातो, तरंगणारा लोणच्याला. देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर आले असतील तर तेही जून असल्याचं लक्षण.

दोन-तीनच आंबे असतील तर कागदी पिशवी उत्तम. सोबत एक पिकलेलं केळ ठेवलं की त्यातून निघणारा इथिलीन वायू आंब्यांना जागं करतो. तीन ते पाच दिवसांत काम होतं. प्लास्टिकच्या पिशवीत मात्र फळाला घाम सुटतो आणि देठाशी बुरशी धरते.

तांदळाचा डबा यापेक्षाही लवकर पिकवतो, कारण वायू आणि ऊब दोन्ही आत कोंडतात. पण माझा त्याच्यावर फारसा विश्वास नाही. आंबा दिसत नाही, म्हणून विसरला जातो. एकदा सहा आंबे पुरले आणि पाचव्या दिवशी पाहिलं, तर दोन तळाशी फुटून तांदूळ चिकट झाले होते. तांदूळच वापरायचा असेल तर रोज उकरून बघण्याची तयारी हवी.

डझनाच्या वर आंबे असतील तर पेंढ्याची अढीच घाला. खाली पेंढा, त्यावर एकमेकांना न टेकणारे आंबे, वर पुन्हा पेंढा. आठवडाभर किंवा थोडं जास्त लागतं, पण हवा खेळती राहते, आंबे एकसारखे पिकतात आणि एखादा नासला तरी शेजाऱ्याला लगेच लागत नाही. घाई नसेल तर मी हेच निवडेन. कच्चे आंबे फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीने साल काळवंडते आणि नंतर बाहेर काढले तरी नीट पिकत नाहीत.

पिकला की नाही, हे आधी नाकाला विचारा. आंबा देठाकडून हुंगा. गोड वास तिथून सगळ्यात आधी येतो. पिवळा दिसतोय पण वास नाही, तर थांबा. आंबूस, दारूसारखा वास आला तर उशीर झालाय. मग आंबा तळहातात धरून सगळ्या बोटांनी हलकेच दाबा. अंगठ्याने एकाच जागी दाबलं तर तिथे डाग पडतो. देठाजवळचा भागही दबला तर आंबा तयार. नुसतं टोक मऊ लागत असेल तर अजून एक दिवस.

वजनाबद्दल एक गैरसमज असतो. पिकताना आंबा जड होत नाही, उलट पाणी उडून थोडा हलकाच होतो. म्हणून तोच आंबा रोज तोलून काही कळत नाही. सारख्या आकाराचे दोन आंबे दोन्ही हातांत घ्या. जो जड तो सहसा रसाळ. हलका आणि सुरकुतलेला आंबा बहुधा कोवळाच उतरवलेला असतो.

हापूसमधला साका, म्हणजे आतला गर पांढरट आणि आंबट राहण्याचा दोष, मात्र या तिन्ही परीक्षांत सापडत नाही. तो कापल्यावरच दिसतो.