रिव्ह्यूअरला ‘नाही’ म्हणायचंय: एकाच मुद्द्याची दोन उत्तरं

‘मेजर रिव्हिजन’चा मेल आला की पहिलं उत्तर रागातच लिहिलं जातं. माझ्याकडे संख्याशास्त्राच्या मदतीसाठी येणाऱ्या मसुद्यांत मला ते वरचेवर दिसतं, आणि गंमत म्हणजे मुद्दा बहुतेक वेळा लेखकाचाच बरोबर असतो. तरी ते उत्तर पाठवावं की बदलावं, हे ठरवण्यासाठी एकच टिप्पणी घेऊन दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहू. खरं पत्र इंग्रजीत जातं, पण वाक्यं कशी रचायची हे मराठीतही तितकंच स्पष्ट दिसतं.

समजा अभ्यास असा आहे: किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक लोहगोळी दिली. एका गटातल्या घरी आठवणीचा मेसेज जायचा, दुसऱ्या गटात नाही. प्रत्येक गटात ६० मुली. शेवटी मेसेजवाल्या गटाचं सरासरी हिमोग्लोबिन ०.३ ग्रॅम प्रति डेसिलिटरने जास्त निघालं, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.१ ते ०.७, पी व्हॅल्यू ०.१४. पेपरात वाक्य गेलं: ‘मेसेजचा हिमोग्लोबिनवर परिणाम होत नाही.’ त्यावर रिव्ह्यूअर लिहितात: ‘नमुना लहान आहे. पोस्ट-हॉक पॉवर काढून द्यावी, अन्यथा हा निष्कर्ष मान्य करता येणार नाही.’

पहिलं उत्तर:

> ‘समीक्षकांचा गैरसमज झालेला दिसतो. नमुन्याचं गणित आम्ही आधीच केलं होतं आणि ते पद्धती विभागात स्पष्ट दिलं आहे. पोस्ट-हॉक पॉवर काढणं चुकीचं आहे, हे सर्वज्ञात आहे. याहून लहान नमुन्यांचे अभ्यासही छापून आले आहेत. त्यामुळे आम्ही कोणताही बदल केलेला नाही.’

दुसरं उत्तर:

> ‘या नमुन्यावरून “परिणाम होत नाही” असं म्हणता येणार नाही, ही समीक्षकांची शंका रास्त आहे. ते वाक्य बदलून आम्ही “या अभ्यासात ठोस फरक दाखवता आला नाही” असं केलं आहे (पान ९, ओळी २१२–२१४). पोस्ट-हॉक पॉवर मात्र आम्ही दिलेली नाही. ती मिळालेल्या फरकावरूनच काढली जात असल्याने पी व्हॅल्यूपलीकडे नवी माहिती देत नाही, आमच्या ०.१४ या पी व्हॅल्यूला ती सुमारे ३२ टक्के येते (होनिग आणि हायसी, २००१). समीक्षकांच्या प्रश्नाचं उत्तर कॉन्फिडन्स इंटरव्हलमधून मिळतं, म्हणून आता चर्चा त्यावर आधारली आहे: ०.६ चा फरक आम्ही महत्त्वाचा मानला होता आणि ०.७ पर्यंतच्या इंटरव्हलमुळे तो नाकारता येत नाही, हे मर्यादांमध्ये नोंदवलं आहे (पान १०, ओळी २३०–२३५). नमुन्याचं मूळ गणितही पद्धती विभागाच्या सुरुवातीला आणलं आहे (पान ४, ओळी ८८–९२).’

दोन्ही उत्तरांत मागितलेली पॉवर दिलेली नाही. म्हणजे नकार दोन्हीकडे सारखाच ठाम आहे, आणि दुसऱ्यात तर तो अधिक स्पष्ट आहे, कारण ‘आम्ही दिलेली नाही’ हे वाक्य एकटं उभं आहे आणि कारण लगेच मागोमाग येतं. ‘शक्यतो’, ‘कदाचित’, ‘आमच्या नम्र मते’ अशा शब्दांनी नकार गुंडाळला की संपादकाला कळतच नाही की काम केलंय की टाळलंय. आदर दाखवायची जागा पहिलं वाक्य आहे, नकाराचं वाक्य नव्हे.

त्या पहिल्या वाक्यात दुसऱ्या लेखकाने एक अवघड गोष्ट केली आहे. रिव्ह्यूअरने मागितलेला उपाय आणि त्यामागची काळजी त्याने वेगळी काढली. उपाय चुकीचा होता, काळजी खरी होती. पी व्हॅल्यू ०.१४ आली म्हणून ‘परिणाम होत नाही’ लिहिणं ही पेपरातली चूकच होती. पहिल्या उत्तराच्या लेखकाला ती दिसली नाही, कारण तो पॉवरच्या वादातच अडकला. मी मसुदा तपासताना हेच आधी पाहते: टिप्पणीतला उपाय झाकून ठेवला तर खाली काही उरतं का? उरत असेल तर ते मान्य करून दुरुस्त करा, मगच नकार द्या. काही उरतच नसेल तर उगाच आभाराचं वाक्य घालू नका, ते खोटं वाटतं.

आता ‘हे सर्वज्ञात आहे’ याबद्दल. हे वाक्य पुरावा देत नाही आणि वर रिव्ह्यूअरला अडाणी ठरवतं. त्या जागी गणित दिलं की वाद व्यक्तीवरून विषयावर येतो. पी व्हॅल्यू बरोबर ०.०५ असेल तर अशी पॉवर सुमारे ५० टक्के येते. ०.०५ च्या वर गेलात की ती पन्नासच्या खालीच राहणार, मग नमुना साठांचा असो वा सहा हजारांचा. म्हणजे ‘पॉवर कमी होती’ हे उत्तर प्रत्येक अनिर्णित अभ्यासाला ठरलेलंच आहे. हे एवढं समजावलं की रिव्ह्यूअरला मागे हटायला सन्मानाची वाट मिळते. संपादकही हेच वाचतो, आणि निर्णय त्याचा असतो.

‘याहून लहान नमुन्यांचे अभ्यास छापून आले आहेत’ हे वाक्य तर सरळ काढून टाका. दुसऱ्याचा नमुना लहान होता म्हणून आपला पुरेसा ठरत नाही. आणि ‘पद्धती विभागात स्पष्ट दिलं आहे’ म्हणण्याऐवजी ते वाचणाऱ्याला का दिसलं नाही ते पाहा. बहुधा तिसऱ्या परिच्छेदाच्या पोटात दडलेलं असतं. पान आणि ओळ क्रमांक देताना एक काळजी घ्या: ते सुधारित फाइलचे हवेत, जुन्या नव्हेत. ही चूक फार होते आणि लेखकाने काही बदललंच नाही असा समज होतो.

तिसरा रस्ताही लोक निवडतात: ३२ टक्के हा आकडा मुकाट्याने पेपरात टाकून मोकळं व्हायचं. मागणी निरुपद्रवी असेल, उदाहरणार्थ परिशिष्टात एक तक्ता हवा असेल, तर मीही तेच सांगते, तिथे भांडू नका. इथे मात्र तो आकडा तुमच्या नावाने छापला जाईल आणि पुढचा वाचक त्यावरून अभ्यास कुचकामी ठरवेल. दुसऱ्या फेरीत रिव्ह्यूअरने पुन्हा आग्रह धरला तर तेच कारण थोडक्यात लिहून ‘संपादकांना आवश्यक वाटल्यास परिशिष्टात स्पष्टीकरणासह देऊ’ एवढं जोडा, आणि थांबा.

हा सगळा ठामपणा एका गोष्टीवर उभा आहे. अभ्यास सुरू करण्याआधीच गणित झालं होतं: ०.६ चा फरक पकडायचा, स्टँडर्ड डेव्हिएशन १.१, पॉवर ८० टक्के, म्हणून प्रत्येक गटात ५३ मुली लागणार, हाताशी आल्या ६०. असं गणित केलंच नसेल तर दुसरं उत्तर जसंच्या तसं उचलू नका. तेव्हा ‘नमुन्याचं पूर्वगणित केलेलं नव्हतं, उपलब्ध मुली घेतल्या’ असं लिहा, ते मर्यादांमध्येही टाका, आणि कॉन्फिडन्स इंटरव्हलचा मुद्दा तेवढा ठेवा. तो तरीही लागू पडतो.